पीएचए वापरताना या चुका टाळा

"ताई, काहीच चुरचुरत नाही, म्हणजे लागू पडत नाहीये ना?" दादरच्या माझ्या पार्लरमध्ये पीएचए, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सी अ‍ॅसिड हे सौम्य अ‍ॅसिड, लावणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो आणि पुढची सगळी गडबड इथूनच सुरू होते. ग्लायकोलिक अ‍ॅसिडची सवय झाली की चुरचुरणं म्हणजेच परिणाम, असं वाटायला लागतं. ग्लायकोलिक काय आणि पीएचए काय, दोन्ही अ‍ॅसिडं त्वचेवरच्या मृत पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतात. फरक आहे तो रेणूच्या आकाराचा. ग्लायकोलिकचा रेणूभार 76, ग्लुकोनोलॅक्टोन या पीएचएचा 178. मोठा रेणू त्वचेत हळू शिरतो, शिवाय पाणी धरून ठेवतो, म्हणून आग होत नाही. काम मात्र होतं, फक्त सावकाश. महिनाभर तरी थांबायला हवं.

डोंबिवलीहून येणारी एक मुलगी थांबली नाही. रोज रात्री ग्लायकोलिक लावून गाल लाल झाले, म्हणून तिने पीएचए टोनर आणला. तो लागतच नाही असं वाटल्यावर सकाळ-संध्याकाळ लावायला लागली आणि रात्री वर पुन्हा ग्लायकोलिक. माझ्याकडे आली तेव्हा कपाळ ताणलेलं, तेल न लावताही चकचकीत, आणि साधं मॉइश्चरायझर लावलं तरी डोळ्यांत पाणी. त्वचेचं संरक्षक आवरण बिघडल्याची हीच खूण. मी सगळी अ‍ॅसिडं बंद करायला लावली. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बास. मॉइश्चरायझर झोंबायचं पूर्ण थांबल्यावर पीएचए आठवड्यातून दोन रात्री सुरू केलं, एकटंच. गालांवरचे काळे डाग मात्र कितीतरी दिवस राहिले. आपल्या सावळ्या त्वचेवर जळजळ गेली तरी डाग मागे राहतो, म्हणून मला ही घाई सहन होत नाही.

दुसरी चूक बाटली घेताना होते. पुढे मोठ्या अक्षरांत पीएचए लिहिलेलं असतं, पण मागच्या यादीत ग्लुकोनोलॅक्टोन अगदी शेवटी, सोडियम बेंझोएटच्या शेजारी. तिथे ते बहुतेक वेळा उत्पादन टिकवण्यासाठी घातलेलं असतं, त्याने त्वचा उजळेल अशी आशा धरू नका. टक्केवारी छापलेली असेल तेच घ्या.

पीएचए लावताना स्क्रब किंवा जाळीची घासणी नको.

ग्लायकोलिकने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, पीएचएने तितकी नाही. तरी सनस्क्रीन दोन्हीकडे हवंच.

आणि ग्लायकोलिक वाईट नाही. जाड, तेलकट त्वचा, जुने उन्हाचे डाग, आणि आधी कशानेच न चिडलेला चेहरा असेल तर ते लवकर फरक दाखवतं. नाजूक, कोरडी किंवा लगेच लाल होणारी त्वचा असेल तर मी सरळ पीएचएच देते, तेही आधी जबड्याखाली थोडं लावून, दोन दिवस बघून.