‘मून’ निघाला म्हणजे भागीदार लबाड, असं नाही

भागीदारावर संशय असताना टॅरोमध्ये मून, म्हणजे चंद्राचा पत्ता, आला की लोक लगेच ‘बघा, फसवतोय!’ म्हणतात. थांबा. अठराव्या क्रमांकाच्या या पत्त्यात कुत्रा आणि लांडगा चंद्राकडे तोंड करून ओरडतायत, चोर कुठेच नाही. अंधुक उजेडातली भीती आहे ती. म्हणून आधी जागा बघा. समजा तीन पत्ते मांडले: मी, तो, व्यवहार. मून ‘मी’वर पडला तर संशय प्रश्न विचारणाऱ्याच्याच मनातला. ‘तो’वर पडला तर कदाचित त्यालाच हिशेब नीट कळत नसेल. ‘व्यवहारा’वर मून आणि ‘तो’वर सेव्हन ऑफ सोर्ड्स, म्हणजे तलवारी घेऊन सटकणारा माणूस, तर मात्र लपवाछपवीचा अर्थ लावते. तरी पुरावा पत्त्यात नसतो. बँकेचं स्टेटमेंट मागायला सांगते.