मॅकवर हेडफोनचा आवाज अचानक चिरका होतो? या चुका टाळा

मावशी म्हार्दोळला राहते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या मुलींना झूमवर नाट्यपदं शिकवते. जूनच्या सुरुवातीला तिचा फोन आला. "अरे, नवीन हेडफोन घेतले. गाणं लावलं की झकास वाजतात, पण क्लास सुरू झाला की तंबोरा पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखा. जवारीच ऐकू येत नाही." जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची ती भरीव, झणझणती गुंज. त्याआधीचे हेडफोनही तिने याच कारणासाठी भाचीला देऊन टाकले होते. म्हणजे एकाच दुखण्यावर दुसरी खरेदी, आणि ही पहिली चूक. गाणं नीट वाजतं आणि कॉल लागला की बिघडतं, तर हेडफोन धडधाकट आहेत असंच समजा.

ब्लूटूथवर हेडफोन दोन वेगवेगळ्या पद्धतींनी चालतात. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा आवाज एकाच दिशेने जातो, डावा-उजवा वेगळा, भरघोस. हेडफोनचा माइक चालू झाला की त्याच जोडणीवरून आवाज परतही आणावा लागतो. मग मॅक हॅन्ड्सफ्री पद्धतीवर उतरतो. ही मुळात गाडीत फोनवर बोलण्यासाठी काढलेली सोय. आवाज एकपदरी होतो आणि सेकंदाला बहुधा १६,००० नमुने, जुन्या हेडफोनांत तर ८,०००च. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचेच स्वर त्यात मावतात, म्हणजे वरचं सगळं छाटलं जातं. माणसाचं बोलणं त्यातून कळतं, पण तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची चाट वरच्या पट्टीतल्या उपस्वरांवर जगतात, आणि नेमकी तीच जातात. मावशीचे कान बरोबर सांगत होते. व्हॉल्यूम वाढवून किंवा इक्वलायझर ओढून उपयोग नाही, कारण छाटलेला भाग मॅककडून हेडफोनपर्यंत पोचतच नाही.

पेअरिंगबद्दल थोडक्यात. मावशीचे हेडफोन पहिल्या दिवशी मॅकला सापडतच नव्हते, कारण डब्यातून काढल्या काढल्या ते तिच्या फोनला जोडले जात होते. हेडफोन चालू असणं आणि पेअरिंगला तयार असणं या दोन गोष्टी वेगळ्या. बटण काही सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागला की मॅकवर System Settings मध्ये Bluetooth उघडायचं, खाली Nearby Devices मध्ये नाव आलं की Connect. तेवढा वेळ फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा. अर्धवट जोडणी झाली असेल तर Forget This Device करून पुन्हा पहिल्यापासून.

आता मुख्य घोळ. बहुतेक लोक System Settings मध्ये Sound उघडतात आणि Output शी खेळत बसतात. आवाज ऐकताना बिघडतोय म्हणून हे साहजिक, पण दोष Input मध्ये असतो. हेडफोन जोडले की मॅक अनेकदा त्यांचाच माइक इनपुट म्हणून उचलतो, न विचारता. Output हेडफोनच राहू द्या आणि Input ला मॅकचा स्वतःचा माइक निवडा. हे मी मावशीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "इथे एकच नाव आहे, हेडफोनचं." मला वाटलं ती चुकीच्या यादीत बघतेय. दोनदा चिडून समजावलंही.

रविवारी फोंड्याहून म्हार्दोळला गेलो तेव्हा कळलं. मॅकबुक एअर टेबलाखालच्या फळीवर, झाकण बंद, वर मोठा मॉनिटर आणि वेगळा कीबोर्ड. ॲपल सिलिकॉनच्या सगळ्या मॅकबुकांत, आणि टी२ चिप असलेल्या इंटेलवाल्यांतही, झाकण मिटलं की आतला माइक हार्डवेअरमधूनच तोडलेला असतो, कोणी चोरून ऐकू नये म्हणून. त्यामुळे यादीत हेडफोनशिवाय दुसरं काही उरतच नव्हतं. मावशी बरोबर होती, भाचा चूक. मॅक मिनीवाल्यांची गत कायमच अशी, कारण त्यात माइक नसतोच.

लॅपटॉप वर आणून झाकण उघडलं आणि यादीत MacBook Air Microphone उगवलं. निवडलं. तरी आवाज तसाच! इथे बरेच जण हात टेकतात. झूमने स्वतःच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून हेडफोन धरून ठेवले होते, आणि ॲपमध्ये नाव घेऊन निवडलेला माइक मॅकच्या सेटिंगला जुमानत नाही. झूममध्ये माइकच्या चिन्हाशेजारच्या बाणावर क्लिक करून तिथेही MacBook Air Microphone केलं. एक-दोन सेकंद शांतता, मग तंबोरा उघडला. मावशीने डोळे मिटून सा लावला, मला काही सांगायची गरज पडली नाही.

तिथे Same as System ठेवू नका. पुढच्या वेळी हेडफोन जोडले की सिस्टमचं इनपुट पुन्हा हेडफोनवर जाईल आणि झूमही मागोमाग.

कॉल बंद करूनही आवाज चिरकाच राहिला, तर कुठलं तरी ॲप माइक सोडत नाहीये. मेनू बारवर उजवीकडे नारिंगी ठिपका दिसतो का बघा, आणि Control Center उघडलं तर कोण माइक वापरतंय त्याचं नावही तिथे दिसतं. बहुतेकदा ब्राउझरमध्ये विसरलेला मीटिंगचा टॅब सापडतो. एक गंमत अशी की, Sound मधलं Input चं पान उघडं असताना आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी हलते, आणि ती हलवायला मॅकला माइक ऐकावा लागतो. तिथे हेडफोन निवडलेले असले तर तुम्ही तपासायला उघडलेलं पानच आवाज बिघडवतं. ते बंद करून मग कान लावा.

खात्री करायची असेल तर मॅकमधलंच Audio MIDI Setup हे ॲप उघडा. हेडफोन तिथे दोनदा दिसतात, एकदा माइक म्हणून आणि एकदा स्पीकर म्हणून. स्पीकरवाल्या नोंदीवर २ चॅनेल आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्‌झ असेल तर सगळं ठीक. १ चॅनेल आणि १६ दिसलं तर माइक कुठेतरी चालू आहे. काही हेडफोनांत २४ दिसतं, ते थोडं बरं, पण जात तीच. तो आकडा तिथे हाताने वाढवायचा खटाटोप करू नका. माइक सुटला की तो आपोआप वर जातो.

सगळं बंद करूनही १६च दिसत असेल, तर हेडफोन तोडून पुन्हा जोडा. तेही फसलं, तर टर्मिनलमध्ये हे:

```
sudo killall coreaudiod
```

पासवर्ड मागेल. क्षणभर मॅकचा सगळा आवाज जाऊन परत येतो, त्यामुळे चालू क्लासमध्ये करू नका.

मावशीचं गाडं जुलैत पुन्हा अडलं, वेगळ्या कारणाने. मॅकचा माइक चांगला आहे, पण तो अख्खी खोली ऐकतो, आणि पडवीच्या पत्र्यावरचा पाऊस मुलींना तिच्या गळ्यापेक्षा मोठ्याने ऐकू जाऊ लागला. हेडफोनचा माइक तोंडाजवळ असतो म्हणून पाऊस कमी घेतला असता, पण मग जवारी गेली असती. म्हणून यूएसबीचा तारेचा माइक आणला, स्टँडवर तोंडापासून वीतभर अंतरावर लावला आणि झूममध्ये त्याचं नाव निवडलं. तो झाकणाच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे लॅपटॉप परत फळीवर गेलाय.