आठ कार्डं, एक तराजू आणि मुलांची रांग: संगणकाशिवाय सॉर्टिंग शिकवताना

तिसरी ते सहावीच्या वर्गात सॉर्टिंगचा, म्हणजे संख्यांचा क्रम लावण्याचा, हा खेळ पहिल्यांदा घेणाऱ्या शिक्षकांची जवळजवळ हमखास होणारी फजिती आधी सांगतो. आठ मुलांना आठ कार्डं दिली, 'लहानापासून मोठ्यापर्यंत उभे राहा' म्हटलं, आणि अर्ध्या मिनिटात रांग लागली. शिकवायला काही उरलंच नाही. कारण सगळ्यांना सगळी कार्डं दिसत होती आणि मुलांनी डोळ्यांनीच क्रम लावला. संगणकाला तशी नजर नसते. तो एका वेळी दोनच संख्या शेजारी ठेवून 'यातली मोठी कोणती' एवढंच विचारतो. हा आंधळेपणा रांगेत आणला तरच खेळ सुरू होतो. तो आणायचा कसा आणि आणल्यावर काय बिघडतं, ते पुढे.

कार्डं आठच घ्या. ए-फोर कागदाचा अर्धा भाग आडवा धरून त्यावर जाड मार्करनं संख्या लिहा, अंक कागदात मावतील तेवढे उंच हवेत. कागद पातळ असेल तर सोलापूरच्या उन्हात मागून अंक आरपार दिसतो आणि लपवाछपवी तिथेच संपते. म्हणून मागे जुन्या वहीचा पुठ्ठा चिकटवा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूही चालतात, पण त्या सगळ्या एकाच मापाच्या हव्यात, नाहीतर मुलं आकारावरून कार्ड ओळखतात. प्रत्येक अंकाखाली एक आडवी रेघ ओढा. देवनागरीत घाईत उलटं धरलेलं ३ आणि ६ गोंधळात टाकतात, इंग्रजी अंक लिहिले तर सहा आणि नऊ.

संख्या या घ्या: ३४, १२, ५८, ७, ४१, २९, ६३, १९. याच क्रमानं. मनाला येतील त्या संख्या घेऊ नका, कारण या क्रमाचं उत्तर आधीच माहीत असणं हेच तुमचं हत्यार आहे.

जागा व्हरांड्याची. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असली तरी नऊनंतर मैदानावर उभं राहवत नाही, आणि खडूनं आखलेले चौकोनही पायाखाली पुसले जातात. फरशीच्या रेघा असतील तर दर दोन फुटांवर एक जागा धरा. रांग वर्गाकडे तोंड करून उभी राहू दे. एका टोकाला जमिनीवर 'लहान', दुसऱ्या टोकाला 'मोठा' असं ठळक लिहा. 'डावीकडे जा, उजवीकडे जा' असं बोलूच नका. रांगेतल्या मुलाचं डावं आणि समोर बसलेल्यांचं डावं उलटं असतं, आणि त्यावर निम्मा तास जातो.

आता भूमिका. आठ मुलं रांगेत, कार्ड छातीला टेकवून, अंक आतल्या बाजूला. एक मूल 'तराजू'. एक मूल फळ्यावर तुलनेची खूण मारतं, दुसरं अदलाबदलीची. ही दोन कामं एकाच मुलाला देऊ नका. बाकी वर्गानं आपापल्या वहीत आधी लिहायचं: किती वेळा तुलना करावी लागेल? हा आकडा खोडायचा नाही.

तराजू 'लहान' टोकापासून सुरू करतो. पहिल्या दोघांसमोर उभा राहतो, ते दोघं फक्त त्यालाच कार्ड दाखवतात. 'लहान' टोकाकडच्या मुलाची संख्या मोठी असेल तर तो म्हणतो 'बदला', नसेल तर 'राहू दे'. संख्या मोठ्यानं वाचायची नाही. यामागे दोन कारणं आहेत. एक उघड आहे: वाचली की सगळ्यांना कळली. दुसरं आपल्या गावचं आहे. मराठीत एकक आधी बोलतो, म्हणून 'एक्केचाळीस' ऐकणारं मूल कधी १४ लिहितं, आणि 'एकोणतीस'मधल्या 'तीस'मुळे २९ हा तिशीतला वाटतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं वर्गात असतात. त्यांच्या भाषेत २९ म्हणजे 'इरवै तोम्मिदि', आधी वीस मग नऊ. कन्नडमध्येही तसंच. त्यांना आकडा दिसला तर अडचण नाही, ऐकू आला तर आहे. तुम्हाला मोजायचंय सॉर्टिंग, मराठी संख्यावाचन नव्हे. ते दुसऱ्या तासाला.

'बदला' म्हटल्यावर मुलांनी जागा बदलायची, कार्डं नाही. कार्डं हातोहात गेली की समोरच्या मुलांना काहीच हललेलं दिसत नाही. 'मोठा' टोकाकडे जाणारं मूल एक पाऊल पुढे येऊन सरकेल, दुसरं मागून जाईल, असं एकदा ठरवून द्या म्हणजे डोकी आपटत नाहीत.

तराजू असा एकेक जागा पुढे सरकत शेवटच्या जोडीपर्यंत गेला की एक फेरी झाली. पहिली फेरी पूर्ण करून बघू. ३४ आणि १२: बदला. ३४ आणि ५८: राहू दे. ५८ आणि ७: बदला. ५८ आणि ४१: बदला. ५८ आणि २९: बदला. ५८ आणि ६३: राहू दे. ६३ आणि १९: बदला. तुलना सात, अदलाबदली पाच. रांग आता १२, ३४, ७, ४१, २९, ५८, १९, ६३ अशी आहे. एका फेरीत क्रम लागला नाही, पण एक गोष्ट नक्की झाली: शेवटी उभा असलेला ६३ सर्वांत मोठा आहे. त्यानं खाली बसायचं आणि कार्ड सगळ्यांना दाखवायचं. हे बसणं खेळाचा कणा आहे, कारण तराजूनं कुठपर्यंत जायचं ते त्यावरून कळतं.

दुसऱ्या फेरीत सहा तुलना, तीन बदल, ५८ बसतो. तिसऱ्या फेरीत पाच तुलना, तीन बदल, ४१ बसतो. चौथीत चार तुलना आणि एकच बदल, ३४ बसतो. पाचवीत तीन तुलना, एक बदल, २९ बसतो. सहावीत ७, १२, १९ उरतात, दोन तुलना होतात आणि एकही बदल होत नाही. अख्ख्या फेरीत कुणी हललं नाही, म्हणजे क्रम लागला. थांबा. एकूण तुलना २७, अदलाबदली १३. संगणकवाले याला बबल सॉर्ट म्हणतात. नाव शेवटी सांगा.

या १३ वर जरा थांबू या, कारण नव्या शिक्षकाला खरा आधार त्याचाच आहे. सुरुवातीच्या रांगेत प्रत्येक कार्डाच्या पुढे, 'मोठा' टोकाकडे, त्याच्यापेक्षा लहान अशी किती कार्डं आहेत ते मोजा. ३४ च्या पुढे १२, ७, २९, १९ अशी चार. १२ च्या पुढे एक. ५८ च्या पुढे चार. ७ च्या पुढे शून्य. ४१ च्या पुढे दोन, २९ च्या पुढे एक, ६३ च्या पुढे एक. बेरीज १३. शेजाऱ्यांची एक योग्य अदलाबदल अशी एकच उलटी जोडी सोडवते, ना कमी ना जास्त. म्हणून फळ्यावरचा बदलांचा आकडा १३ च यायला हवा.

नाही आला तर चूक कुठे झाली तेही त्यातच दिसतं. क्रम बरोबर लागलाय पण आकडा सम आहे, १२ किंवा १४, तर खूण मारणाऱ्याची चूक. कारण या रांगेतून या क्रमाला पोहोचायला दोघा-दोघांच्या अदलाबदली नेहमी विषमच लागतात. १५ आला तर बहुधा तराजूनं एकदा चुकीचं 'बदला' म्हटलं आणि पुढे ते उलटवावं लागलं. ११ किंवा त्याहून कमी विषम आला तर कुणीतरी शेजारी सोडून लांब उडी मारली आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना ही तपासणी खेळापेक्षा जास्त आवडते.

बदल १३ पण तुलना २७ नाहीत, असंही होतं. तुलना ४२ आल्या तर बसायचा नियम कुणी पाळलेला नाही, सहाही फेऱ्या शेवटपर्यंत सात-सात तुलनांच्या झाल्या. दुसरी शक्यता तराजू मागे फिरल्याची. 'बदला' म्हटल्यावर त्याला वाटतं की आलेलं लहान कार्ड आणखी मागे ढकलावं, आणि तो मागच्या जोडीकडे जातो. शेवटी क्रम बरोबरच लागतो, पण ती वेगळी रीत झाली. तिला इन्सर्शन सॉर्ट म्हणतात. मुलाला चूक म्हणू नका. पुन्हा पहिल्या रांगेत उभं करा आणि सांगा, तराजू फक्त पुढे चालतो.

दोन मुलांना सारखंच कार्ड देण्याचा मोह होतो, विशेषतः चाचणीचे गुण घेतले तर. तेव्हा नियम नीट बोला: 'मोठा असेल तरच बदला'. 'मोठा किंवा सारखा असेल तर' असं निसटलं, आणि बसायचा नियम सोडून 'कुणी हललं नाही तर थांबा' एवढाच नियम ठेवला, तर ती दोन मुलं प्रत्येक फेरीत एकमेकांच्या जागा घेत राहतात आणि खेळ थांबतच नाही. मुद्दाम एकदा असं करून दाखवायला हरकत नाही. हसण्यात दोन मिनिटं जातात, पण अटीतल्या एका शब्दानं काय होतं ते मुलांना दिसतं.

तास संपायला वेळ असेल तर दोन बदल करून बघा. मूळ रांगेतला ६३ उचलून अगदी 'लहान' टोकाला ठेवा. अदलाबदली १३ वरून १९ होतात, तुलना मात्र २७ च राहतात, कारण मोठं कार्ड एकाच फेरीत सगळी रांग ओलांडतं. आता ६३ परत जागेवर ठेवा आणि ७ ला 'मोठा' टोकाला पाठवा. अदलाबदली १७ होतात, पण फेऱ्या सातही लागतात आणि तुलना २८. लहान कार्ड एका फेरीत एकच जागा मागे सरकतं, सात जागा म्हणजे सात फेऱ्या. मूळ रांगेतही उशीर १९ मुळेच होता: आठव्या जागेवरून तिसऱ्या जागेला यायला त्याला पाच फेऱ्या लागल्या, सहावी फक्त खात्रीची. ६३ आणि ७ ही कार्डं कोणाच्या हातात द्यायची तेही बघा. ज्या मुलाला सारखं चालायला आवडतं त्याला ६३ द्या, ७ वाल्याला धीर लागतो.

आठाच्या पुढे जाऊ नका. एका तुलनेला दहा सेकंद धरली तर २८ तुलना पाच मिनिटांच्या आत होतात. सोळा मुलं उभी केली तर तुलना ५६ नाही, जास्तीत जास्त १२० होतात, म्हणजे वीस मिनिटं, आणि तोवर मधली मुलं एकमेकांना चिमटे काढू लागतात. सोळांचं उत्तर मात्र मुलांकडून वहीत काढून घ्या: १५ अधिक १४ अधिक १३, असं एकपर्यंत. आठांसाठी ७ पासून सुरू केलेली हीच बेरीज २८ येते, हे त्यांना फळ्यावरून सापडलेलं असतं. मग सुरुवातीला वहीत लिहिलेले अंदाज उघडायला लावा. ८ आणि १६ लिहिणारे बरेच असतील. त्यांना विचारा, पहिल्या फेरीनंतर फक्त कोण बसलं होतं?