दीपमाळेशेजारचा चंद्र बाद का झाला

नमस्कार,

तुमच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या फोटोचं पहिलं बक्षीस मागे घेतलं, त्याचं कारण तुम्ही विचारलंत. दीपमाळ आणि चंद्र दोन्ही तुमचेच, एकाच संध्याकाळचे, हे मला मान्य आहे. आक्षेप चोरीचा नाही. स्पर्धेतल्या या गटाचा नियम ‘एक फ्रेम, एक एक्स्पोजर’ असा होता, आणि तुमचा फोटो दोन फ्रेम जोडून केलेला आहे.

संशय आला तो चंद्राच्या आकारामुळे. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून लेन्सच्या फोकल लेंग्थला ११० ने भागलं की सेन्सरवर तो किती मिलिमीटरचा उमटेल ते कळतं. तुमच्या फाइलमध्ये फुलफ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरचा कॅमेरा आणि ७० मिमी लेन्स अशी नोंद आहे. म्हणजे चंद्र ०.६४ मिमीचा, आणि ६००० पिक्सेल रुंदीच्या फ्रेममध्ये साधारण १०६ पिक्सेलचा हवा. तुमच्या फोटोत तो ६०० पिक्सेलचा भरला. क्रॉप केल्याने असं होऊ शकतं, पण तुमच्या फोटोची रुंदी पूर्ण ६००० होती. ६०० पिक्सेलसाठी सुमारे ४०० मिमीची लेन्स लागते.

तरी तेवढ्यावर आम्ही कुणाला बाद करत नाही. नोंदी चुकीच्याही असतात. म्हणून कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल मागवली. तिच्यात एक सेकंदाचं एक्स्पोजर होतं आणि पणत्यांवर छोटा, जळालेला पांढरा ठिपका. त्या एक्स्पोजरला चंद्रावरचे डाग दिसूच शकत नाहीत. बक्षीसपात्र फोटोत मात्र ते स्वच्छ दिसतात.

खरं तर हाच फोटो एका क्लिकमध्ये मिळाला असता. दीपमाळ १२ मीटरची धरली, तर फ्रेममधल्या तिच्या उंचीवरून तुम्ही साधारण ५८ मीटरवर उभे होतात. तिथून चंद्र तिच्या टोकापर्यंत चढायला तासभर जातो आणि आकाश काळं होतं. चंद्र दीपमाळेच्या पाव उंचीचा, म्हणजे ३ मीटरएवढा दिसायला हवा असेल, तर ३ गुणिले ११०, म्हणजे ३३० मीटर मागे जायचं आणि ४०० मिमी लावायची. तिथून टोक क्षितिजापासून दोनच अंश वर दिसतं. पूर्वेला डोंगर आडवा नसेल, तर चंद्र उगवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोचतो. तेव्हा संधिप्रकाश शिल्लक असतो, चंद्रही मंद असतो, त्यामुळे डाग आणि पणत्या एकाच एक्स्पोजरमध्ये सामावण्याची शक्यता बरीच वाढते. अडचण एकच: देवळापासून ३३० मीटरवर मोकळी जागा हवी, आणि आपल्या गावांत तिथे नेमकं कुणाचं तरी घर असतं.

ब्रिटनच्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१२ साली विजेता फोटो असाच बाद झाला होता. त्यात ढग बाहेरून आणून जोडले होते.

तुमचा फोटो ‘क्रिएटिव्ह’ गटात, दोन फ्रेम जोडल्याचं लिहून दिला असतात, तर माझं मत त्यालाच गेलं असतं. पुढच्या वर्षीही तो गट आहे. रॉ फाइल दोन्ही जपून ठेवा, मागवल्या जातील.