दवाखान्याच्या रीलचं पहिलं वाक्य: दाढदुखीच्या एका व्हिडिओवरून

दातांच्या दवाखान्याचे बहुतेक छोटे व्हिडिओ एकाच तऱ्हेने सुरू होतात. आधी लोगो गिरकी घेतो, मग ‘नमस्कार, मी डॉक्टर अमुक तमुक. आज आपण दातांच्या नसेला होणाऱ्या संसर्गाविषयी माहिती घेणार आहोत.’ हे चौदा शब्द बोलायला पाच-सहा सेकंद लागतात. बघणाऱ्याचा अंगठा तोवर पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो, कारण एवढ्या वेळात त्याच्या स्वतःच्या दाताबद्दल एक अक्षरही आलेलं नाही.

हा विषय तोच ठेवून सुरुवात कशी बदलायची, ते पाहू. सांगायचा मुद्दा असा: किडलेली दाढ दोन-तीन दिवस ठणकते आणि मग एके दिवशी दुखायची थांबते. माणूस म्हणतो, सुटलो. प्रत्यक्षात कधी कधी आतली नस मेलेली असते. दुखणं कळवणारंच कोणी उरलेलं नसतं आणि जंतुसंसर्ग मात्र मुळाच्या टोकाकडे सरकत राहतो.

पहिलं काम कागदावरचं नाही, कान देण्याचं आहे. रिसेप्शनवर एक वही ठेवा आणि दोन आठवडे पेशंट आपली तक्रार ज्या शब्दांत सांगतात, ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ‘संवेदनशीलता’ असं कुणीही म्हणत नाही, ‘गार पाणी लागलं की सणक जाते’ असं म्हणतात. ‘पल्पायटिस’ला पेशंटच्या तोंडी ‘रात्रभर ठणका होता’ असं नाव असतं. वहीत ‘दुखत होती, पण आता थांबली, म्हणून आलो नाही’ हे वाक्य चार-पाच वेळा सापडलं, तर व्हिडिओचा विषय आणि त्याची सुरुवात दोन्ही हाताशी आली.

आता वाक्य घडवायचं. पहिला प्रयत्न साधारण असा निघतो: ‘दाढदुखीकडे दुर्लक्ष करू नका!’ आखूड आहे, पण हा उपदेश झाला. सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगितलं, तर थांबायचं कशासाठी? शिवाय ज्याची दाढ आज दुखत नाही, त्याला हे आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही, आणि आपल्याला नेमका तोच माणूस हवा आहे.

दुसरा प्रयत्न: ‘दाढ आपोआप थांबली? तुमची नस मेली!’ याने लोक थांबतील, पण हे खरं नाही. दोन दातांच्या फटीत अन्न अडकल्याने किंवा अक्कलदाढेवरची हिरडी सुजल्यानेही दुखतं, आणि तिथे दुखणं थांबलं म्हणजे नस गेली असा अर्थ होत नाही. अशा वाक्यावर धावत आलेल्या पेशंटला खुर्चीत बसवून ‘तुमचं तसं काही नाही’ असं सांगावं लागलं, की पुढच्या व्हिडिओवर त्याचा विश्वास उरत नाही. दवाखान्याच्या व्हिडिओत पहिलं वाक्य अतिशयोक्तीकडे झुकलं, की त्याची किंमत अशी चुकवावी लागते.

तिसरा प्रयत्न: ‘दोन रात्री ठणकलेली दाढ आज अचानक शांत झाली?’ आठ शब्द, घड्याळ लावून बोललात तर साधारण तीन सेकंद. यात निदान नाही, प्रसंग आहे. ज्याच्यावर तो गुदरलाय, तो थांबतो. दुसरं वाक्य लगेच जोडायचं: ‘ती बरी झाली असेलच असं नाही. आतली नस मेली, तरी दुखणं थांबतं.’ इथे ‘असेलच असं नाही’ हे शब्द गाळायचा मोह होतो. गाळू नका, सगळा खरेपणा त्या तीन शब्दांत आहे.

या दोन वाक्यांनी एक प्रश्न उभा केला: मग माझं काय समजायचं? त्याचं उत्तर पुढच्या वीस-पंचवीस सेकंदांत आलंच पाहिजे. चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटते का, हिरडीवर पुळी येऊन फुटते का, दात काळपट पडतोय का, हे विचारा. दवाखान्यात गार कापसाचा बोळा लावून, दातावर हलकेच ठोकून आणि एक्स-रे काढून खात्री करतात, हे सांगा. सुरुवातीला एक्स-रेत मुळाशी काहीच दिसत नाही असंही होतं, म्हणून बाकीच्या तपासण्या लागतात. गालावर सूज, ताप, गिळायला त्रास किंवा तोंड उघडेनासं झालं असेल, तर त्याच दिवशी जायचं. ‘आमच्याकडे या, मग सांगू’ असं म्हणून उत्तर राखून ठेवलंत, तर पहिलं वाक्य फसवं ठरतं.

चित्रीकरणात एक बारीक चूक फार होते. रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यावर माणूस श्वास घेतो, केस सारखे करतो, मग बोलतो. तो अर्धा-पाऊण सेकंद कापून टाका, पहिला शब्द पहिल्याच फ्रेमवर यायला हवा. मास्क काढा, कारण तोंड दिसलं नाही तर बोलण्याला जोर येत नाही. ड्रिलचा आवाज, रक्त, सुई यांनी सुरुवात करू नका. त्याने नजर खिळते खरी, पण दातांच्या खुर्चीची धास्ती असलेला माणूस सगळ्यात आधी पळतो, आणि दुखणं अंगावर काढणाऱ्यांत असेच लोक जास्त असतात. पेशंटचा एक्स-रे दाखवायचा असेल, तर त्याची लेखी परवानगी घ्या आणि कोपऱ्यातलं नाव झाका.

बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून पडद्यावर अक्षरं हवीत. पण बोललेलं पूर्ण वाक्य नको, ‘दाढ आपोआप थांबली?’ एवढं पुरे. ते चेहऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. खालच्या पट्ट्यात मथळा आणि उजवीकडे बटणं येतात, तिथली अक्षरं झाकली जातात. व्हिडिओ ड्राफ्टमध्ये टाकून स्वतःच्या फोनवर एकदा बघितला, की हे लगेच कळतं.

प्रत्येक विषयाला प्रश्नच हवा असं नाही. पक्का दात मुळासकट पडला असेल, तर वेळ मिनिटांत मोजायची असते; तिथे थेट आज्ञा चालते: ‘पडलेला पक्का दात कागदात गुंडाळू नका.’ कारण लगेच द्या: मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की मरतात, म्हणून दात मुळाला न धरता वरच्या भागाला धरायचा आणि दुधात ठेवून निघायचं. हिरड्यांसाठी ‘रक्त येतं म्हणून तिथे ब्रश फिरवणंच सोडलंय?’ हे चालतं, कारण लोक खरोखर तसंच करतात आणि साचलेल्या थराने हिरडी आणखी सुजते.

तपासणी सोपी आहे. मधला भाग एकदाच चित्रित करा आणि सुरुवाती दोन घ्या. काही दिवसांच्या अंतराने दोन्ही टाका आणि लोक कुठे गळतात तो आलेख बघा. पहिल्या तीन सेकंदांतच रेषा कोसळली, तर वाक्य किंवा पहिली फ्रेम चुकली. सहाव्या-आठव्या सेकंदाला कोसळली, तर वाक्य बरोबर आहे, उत्तर द्यायला उशीर झालाय. मधली प्रस्तावना कापा. दोनशे जणांनी पाहिलेल्या व्हिडिओत दहा-पंधरा माणसांच्या फरकावरून मात्र निकाल लावू नका, तीच जोडी दुसऱ्या एका विषयावर करून बघा. आणि कमेंटमध्ये कुणी ‘माझी पण अशीच थांबली, पण चावताना दुखतं’ असं लिहिलं, तर ते वाक्य त्याच्या नावाशिवाय वहीत उतरवून घ्या.