स्यूडो-फर्स्ट-ऑर्डर: रेषा सरळ आली तरी k चुकलेला असू शकतो, या चुका टाळा

क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. जांभळा रंग हळूहळू फिका पडतो, कलरिमीटरवर दर मिनिटाला अ‍ॅब्सॉर्बन्स वाचायचा, ln A विरुद्ध वेळ असा आलेख काढायचा. रेषा छान सरळ येते, तिचा उतार घेतला की सगळे खूश. पण त्या रेषेने इतकंच सांगितलेलं असतं की रंगाच्या बाबतीत रिअ‍ॅक्शन फर्स्ट ऑर्डर आहे. खरा रेट कॉन्स्टंट त्या आलेखात नसतोच, तो पुढच्या आलेखात असतो, म्हणजे हा उतार विरुद्ध हायड्रॉक्साइडची संहती अशा दुसऱ्या आलेखात. आणि नेमक्या तिथल्या चुका अशा असतात की रेषा बिघडत नाही, फक्त उत्तर बिघडतं.

आधी मांडणी बघू. रंगाचा कॅटायन आणि हायड्रॉक्साइड यांची रिअ‍ॅक्शन दोघांच्याही बाबतीत फर्स्ट ऑर्डर, म्हणजे एकूण सेकंड ऑर्डर आहे. हायड्रॉक्साइड भरमसाट घेतलं की ते जवळजवळ खर्चच होत नाही आणि त्याची संहती स्थिर धरता येते. मग रिअ‍ॅक्शन फर्स्ट ऑर्डर असल्यासारखी वागते, म्हणून तिला स्यूडो-फर्स्ट-ऑर्डर म्हणतात. खाली k हा खरा रेट कॉन्स्टंट, k_obs हा पहिल्या आलेखाच्या उतारातून मिळणारा, CV+ म्हणजे रंगाचा कॅटायन, A_0 म्हणजे सुरुवातीचा आणि A_inf किंवा A∞ म्हणजे रिअ‍ॅक्शन संपल्यावरचा अ‍ॅब्सॉर्बन्स.

```
rate  = k [CV+][OH-]
k_obs = k [OH-]
ln(A - A_inf) = ln(A_0 - A_inf) - k_obs * t
```

या तीन ओळींत एक गंमत आहे. रंगाची नेमकी संहती किती, त्याचं मोलर शोषण किती, घड्याळ चार सेकंद उशिरा सुरू झालं का, यांपैकी कशाचाही उतारावर परिणाम होत नाही. रंगाच्या बाजूच्या बहुतेक चुका फर्स्ट ऑर्डर माफ करतं. हायड्रॉक्साइडच्या बाजूला मात्र माफी नाही. तिथली 8 टक्क्यांची चूक म्हणजे k मध्ये थेट 8 टक्क्यांची चूक. विद्यार्थी रंगाचं द्रावण जपून मोजतात आणि NaOH ढोबळमानाने ओततात. करायला हवं बरोबर उलट.

बाटलीवरची संहती तशीच वापरणे

10 mL रंग आणि 10 mL 0.020 M NaOH एकत्र केलं की मिश्रणात हायड्रॉक्साइड 0.010 M असतं. भागाकार करताना 0.020 घेतलं तर k निम्मा येतो. वाईट गोष्ट अशी की प्रत्येक रनमध्ये हीच चूक झाली असेल तर दुसरा आलेखही सरळ येतो आणि शून्यातूनच जातो, म्हणजे आलेख बघून ही चूक कधीच सापडणार नाही. त्यामुळे वहीत NaOH साठी दोन रकाने करा, बाटलीतलं आणि मिश्रणातलं, आणि गणितात फक्त दुसरा वापरा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे NaOH टायट्रेट न करणे. वजन करताना गोळ्या हवेतला ओलावा ओढतात, नंतर द्रावण कार्बन डायऑक्साइड खातं आणि थोडं हायड्रॉक्साइड कार्बोनेट होऊन बसतं. बाटलीवर 0.100 लिहिलंय आणि आत 0.092 आहे, असं सहज घडतं. सगळी विरल द्रावणं त्याच बाटलीतून केली असतील तर रेषा पुन्हा निर्दोष, k मात्र 8 टक्के कमी. त्याच दिवशी ऑक्झॅलिक आम्लाशी फिनॉल्फ्थॅलीन घालून टायट्रेशन करा. मिथाइल ऑरेंज नको, कारण त्यात कार्बोनेटही पूर्ण अल्कली म्हणून मोजलं जातं आणि आकडा फुगतो.

A∞ शून्य धरणे

रंग पूर्ण गेला म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स शून्य, असं गृहीत धरलं जातं. पण क्रिस्टल व्हायोलेट काचेला आणि प्लास्टिकला चिकटतं. क्युव्हेटच्या भिंतीवर पुसटसा जांभळा थर राहतो आणि वाचन 0.03 वर अडकतं. 0.03 म्हणजे किती मोठी गोष्ट, असं वाटेल. हिशेब करू. रंगाचा खरा अ‍ॅब्सॉर्बन्स 0.80 पासून तीन अर्धायुष्यांत 0.10 वर येतो. यंत्र मात्र 0.83 आणि 0.13 दाखवतं. ln(0.80/0.10) म्हणजे 2.08, आणि ln(0.83/0.13) म्हणजे 1.85. k_obs एका फटक्यात 11 टक्के कमी.

याची खूण शेपटीत दिसते. ln A चा आलेख शेवटी सपाट व्हायला लागतो, वर उचलल्यासारखा. अशा वेळी शेवटचे बिंदू ‘खराब’ म्हणून खोडायची सवय फार जुनी आहे, पण नुसतं खोडून भागत नाही. पहिल्याच अर्धायुष्यात उतार 5 टक्क्यांनी चुकलेला असतो आणि तिथे डोळ्यांना काहीच वाकडं दिसत नाही. तेच मिश्रण निदान आठ-दहा अर्धायुष्यं ठेवून A∞ खरोखर मोजा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. इतकं थांबणं शक्य नसेल तर A_0, A∞ आणि k_obs हे तिन्ही मोकळे सोडून थेट घातांकी वक्र बसवा. दोन रनच्या मध्ये क्युव्हेट अल्कोहोलने धुवा.

हायड्रॉक्साइड पुरेसं जास्त नसेल तरी शेपूट अशीच सपाट होते. दहापट घेतलं तर रिअ‍ॅक्शन संपेपर्यंत त्यातलं 10 टक्के खर्च होतं आणि वेग तेवढा मंदावतो. आपल्या प्रयोगात मिश्रणात रंग 1 × 10⁻⁵ M आणि NaOH 0.010 M, म्हणजे हजारपट, त्यामुळे ही काळजी नाही. शंका असेल तर रंग दुप्पट घेऊन एक रन करा. k_obs तोच आला तर हायड्रॉक्साइड पुरेसं आहे.

एकाच रनवरून k काढणे, आणि मीठ विसरणे

एक k_obs घेतला, NaOH च्या संहतीने भागला, झाला k. यात दोन गृहीतकं लपलेली आहेत: हायड्रॉक्साइडच्या बाबतीत ऑर्डर 1 आहे, आणि हायड्रॉक्साइडशिवाय रंग जाण्याची दुसरी वाट नाही. दोन्ही तपासायची तर NaOH च्या निदान चार संहती हव्यात. k_obs विरुद्ध [OH⁻] काढा. उतार म्हणजे k, आणि आंतरछेद शून्याच्या जवळ हवा.

आता खरी मेख. NaOH वाढवलं की द्रावणातले आयन वाढतात, म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ I वाढते. इथे धन आयन ऋण आयनाशी भिडतोय. आजूबाजूला आयनांची गर्दी झाली की दोघांमधलं आकर्षण झाकलं जातं आणि k स्वतःच कमी होतो. म्हणजे ज्याला आपण स्थिरांक म्हणतोय, तो प्रत्येक रनमध्ये वेगळा! उपाय साधा आहे: सगळ्यात जास्त NaOH च्या रनइतकी आयनिक स्ट्रेंग्थ बाकीच्या रनमध्ये सोडियम क्लोराइड घालून गाठायची. मिश्रणात 0.010 M NaOH असेल तर 0.030 M NaCl, 0.020 असेल तर 0.020, आणि 0.040 असेल तर काहीच नाही.

हे न केल्यास काय होतं ते आकड्यांत बघा. मीठ घातलेला रकाना नमुन्यादाखल आहे. मीठ न घातलेला रकाना मी डेबाय-ह्युकेलच्या √I/(1+√I) या रूपाने, 25 °C ला, काढला आहे.

| मिश्रणातलं NaOH (M) | k_obs, मीठ घालून (10⁻³ s⁻¹) | k_obs, मीठ न घालता (10⁻³ s⁻¹) |
|---|---|---|
| 0.010 | 1.62 | 1.90 |
| 0.020 | 3.18 | 3.52 |
| 0.030 | 4.83 | 4.99 |
| 0.040 | 6.37 | 6.36 |

मीठ घातलेल्या रकान्याचा उतार 0.159 M⁻¹ s⁻¹, आंतरछेद 0.025 × 10⁻³ s⁻¹, म्हणजे शून्यच म्हणा. मीठ न घातलेल्या रकान्यातून सरळ रेषा ओढली की उतार येतो 0.149 आणि आंतरछेद 0.48 × 10⁻³ s⁻¹. हा आंतरछेद पहिल्या रनच्या k_obs च्या पाव भाग आहे. अहवालात लगेच लिहिलं जातं की ‘पाण्याशीही समांतर रिअ‍ॅक्शन होते’. तशी काही भानगड नाही, तो निव्वळ मिठाचा खेळ आहे. आणि या चुकीच्या रेषेचा R² आहे 0.9986! R² बघून समाधान मानणाऱ्यांनी हा आकडा वहीच्या मुखपृष्ठावर लिहावा.

ही चूक ओळखायची असेल तर R² सोडा आणि प्रत्येक रनचा k_obs/[OH⁻] काढा. मीठ न घातलेल्या रकान्यात तो 0.190, 0.176, 0.166, 0.159 असा पायरी-पायरीने उतरतो. मीठ घातलेल्यात तो 0.159 ते 0.162 मध्येच घोटाळतो. आकडे विस्कळीतपणे वरखाली झाले तर तो मोजमापातला गोंधळ, एकाच दिशेने सरकले तर त्यामागे कारण आहे.

यामुळेच k सांगताना तापमानासोबत आयनिक स्ट्रेंग्थही सांगावी लागते. ‘25 °C, I = 0.040 M’ असं न लिहिता नुसता 0.159 लिहिला, तर दुसऱ्या कुणाच्या 0.19 शी त्याची तुलना करता येत नाही. दोघंही बरोबर असू शकतात.

तापमान

याबद्दल फार लिहायला नको, पण एक डाव मात्र हमखास फसतो. सक्रियण ऊर्जा 60 kJ/mol च्या आसपास असेल तर 25 °C जवळ एका अंशाने k सुमारे 8 टक्के बदलतो. सकाळी कमी NaOH पासून सुरुवात करून दुपारपर्यंत जास्तीकडे गेलात आणि तेवढ्यात खोली दोन अंशांनी तापली, तर तापमानाची वाढ संहतीच्या खात्यात जमा होते. उतार फुगतो आणि आंतरछेद ऋण होतो. वॉटर बाथ असेल तर दोन्ही द्रावणं मिसळण्याआधी त्यात ठेवा. नसेल तर रनचा क्रम मुद्दाम उलटसुलट करा आणि पहिली संहती शेवटी पुन्हा करा. तो k_obs सकाळच्याशी जुळला नाही, तर त्या दिवशीच्या उतारावर विश्वास ठेवू नका.

मिथाइल अ‍ॅसिटेटवाल्यांसाठी

एस्टरच्या आम्ल जलविघटनातही k_obs मिळतो, पण तिथलं गणित वेगळं आहे. भरमसाट आहे ते पाणी, आणि विरल द्रावणात ते सुमारे 55 M वरच अडकलेलं, त्यामुळे ते बदलून बघता येत नाही. आम्ल उत्प्रेरक असल्याने खर्च होत नाही, पण त्याची संहती k_obs मध्ये दडलेली असते. 0.5 N HCl आणि 1 N HCl वापरणाऱ्या दोन गटांचे k_obs वेगळे येणारच, त्यात कुणाचं चुकलेलं नाही. तुलना करायची तर k_obs ला [H⁺] ने भागून करा. पाण्याच्या 55 ने पुन्हा भागायचं की नाही, ते कोणत्या व्याख्येचा k हवा आहे त्यावर ठरतं. भागलं असेल तर तसं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला एककावरून अंदाज बांधत बसावं लागणार नाही.