वाक्यात लपलेला शब्द सापडत नाही? या चुका टाळा

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर रविवारी काका कोडी टाकतात, खालच्या वाक्यात एका गावाचं नाव लपलंय शोधा, किंवा फळ शोधा, प्राणी शोधा. यातला खरा अवघड प्रकार म्हणजे शब्द अर्धा एका शब्दाच्या शेपटीत आणि अर्धा पुढच्याच्या डोक्यात असतो तो. "मुलांना शिकवलं" यात नाशिक आहे, "मुलां" सोडा, "ना" घ्या, पुढचं "शिक" घ्या, झालं. सांगितल्यावर सगळे म्हणतात अरे हो की, पण त्याआधी पंधरा मिनिटं कुणालाच दिसलेलं नसतं आणि त्याची कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाक्य अर्थ लावत वाचणं. आपण वाचताना शब्द अख्खा उचलतो आणि मधली मोकळी जागा डोळ्यांना भिंतीसारखी वाटते. कोडं तर नेमकं त्या भिंतीतच आहे, म्हणून शब्द वाचायचेच नाहीत, जागा वाचायच्या. वाक्यात ९ शब्द असले तर मध्ये जागा ८, एवढंच तपासायचं असतं. प्रत्येक जागेच्या डावीकडची दोन अक्षरं आणि उजवीकडची दोन-तीन अक्षरं घ्यायची आणि सलग, न थांबता, तोंडाने म्हणायची. मनातल्या मनात नको, मनात आपण परत अर्थाकडे घसरतो.

हे वाक्य घ्या, गाव शोधायचंय: "मावशीने मुलांना शिरा दिला मग मला तूरडाळ निवडायला बसवलं". पहिली जागा, "शीनेमुलां", काही नाही. दुसरी, "लांनाशिरा", इथे बरेच जण ओरडतात नाशिक! पण "शि" नंतर "रा" आहे, "क" नाहीच, म्हणजे कोडं घालणाऱ्याने मुद्दाम फसवलंय. तिसरी "शिरादिला", चौथी "दिलामग", पाचवी "मगमला", सगळ्या रिकाम्या. सहावी "मलातूरडा", आणि इथे "म" बाजूला केला की लातूर. दुसऱ्या जागेवर अडकून "नाशिकच असेल, टायपिंग मिस्टेक असेल" म्हणत बसलात तर सहाव्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून अर्धवट जुळणारं काही दिसलं तरी शेवटच्या जागेपर्यंत जायचंच.

दुसरी चूक काना, मात्रा, अनुस्वाराची. मराठीत एकक म्हणजे अख्खं अक्षर, म्हणजे "घ" आणि "घे" हे दोन वेगळे तुकडे आहेत. "हवा घरात येत नाही" यात वाघ आहे, "हवा घेऊन आलो" यात नाही, तिथे "वाघे" होतं. "दार बंद कर" यात बदक दिसल्यासारखं वाटतं पण वर टिंब आहे ना, ते "बंदक" झालं. "एका सवयीने घात केला" यात कासव आहे, "एका सावलीत बसलो" यात नाही. सगळ्यात जास्त भांडणं रु आणि रू वरून होतात, कारण मोबाईलच्या बारीक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. "सूत्राचे सोपे रूप" यात पेरू नीट बसतो, पण "रोपे रुजली" यातला उकार ऱ्हस्व आहे, तो पेरू नाही. झूम करून बघा आणि मग उत्तर टाका. अशी ढिली उत्तरं चालवून घेणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, कारण एकदा मात्रा सोडायची परवानगी दिली की कुठल्याही वाक्यात काहीही सापडतं.

कानावर भरवसा ठेवणं ही याचीच बहीण. "सात आराखडे" पटकन म्हटलं की सातारा ऐकू येतं, पण लिहिलंय "सात" आणि "आ", तिथे "ता" हे अक्षरच नाही. सातारा हवा असेल तर "असा तारा कधी पाहिला नव्हता" असं वाक्य लागतं.

आता ज्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो ती चूक, म्हणजे जिथे शब्द तुटूच शकत नाही तिथे शोधत राहणं. फळ शोधायचंय म्हटलं की लोक आधी आंबा, केळी, चिकू यांच्या मागे लागतात. पण मराठीत ण आणि ळ ने शब्द सुरू होत नाही, म्हणजे उत्तरातल्या ण किंवा ळ च्या लगेच आधी जागा येणार नाही. केळी "के" आणि "ळी" असाच तुटू शकतो आणि "ळी" ने सुरू होणारा शब्द कुठून आणणार? म्हणून केळी बाद, पुणेही बाद. फणस मात्र बाद नाही हे लक्षात घ्या, तो "फ" नंतर तुटत नाही पण "फण" नंतर तुटतो: "गोफण सगळ्यांनाच जमत नाही", गो काढा, फणस राहिला. तसंच मालवण "माल" नंतर तुटतं, "ही कमाल वणवा विझवणाऱ्या पोरांची".

चिकूची अडचण वेगळी. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार आपण दीर्घ लिहितो, आणि, नि, परंतु असे थोडे अपवाद सोडले तर. त्यामुळे "चि" वर संपणारा शब्द मिळत नाही. मिरजसुद्धा "मि" नंतर तुटणार नाही, "मिर" नंतर तुटेल, "तिमिर जगातला". आणि आंबा? "आं" हे शब्दाच्या पोटात किंवा शेवटी सहसा येत नाही, म्हणजे पहिला शब्द नुसता "आं" असावा लागेल, तेव्हा सोडून द्या. अननस मात्र बसतो, "तो आला अन नसती भानगड करून गेला". इथे "अन" पूर्ण लिहिलंय म्हणून चालतं, पाय मोडून "अन्" लिहिलं की जोडल्यावर "अन्नस" होतं आणि कोडं मोडतं. उलट ई चं ण-ळ सारखं नाही, ई शब्दाच्या सुरुवातीला खुशाल येते, म्हणून वसई "आजचा दिवस ईदचा" यात आरामात लपते.

एवढी चाळणी लावली की यादीतली निम्मी नावं आधीच गळतात आणि राहिलेल्यांचे तुकडे, फण-स, पे-रू, डोक्यात ठेवून जागा तपासल्या की काम पटापट होतं.

वाक्यात विचित्र शब्द दिसला की तिथेच उत्तर, हा लोकांचा आवडता शॉर्टकट आहे आणि तो अर्धाच खरा. साध्या घरगुती वाक्यात "तिमिर" आलाय किंवा "दुकानदाराने कुलूप नवे लगेच बसवले" अशी उलटीपालटी रचना आहे, तर संशय घ्यायलाच हवा. या कुलपाच्या वाक्यात पनवेल आहे, "प", मधला अख्खा "नवे", आणि पुढचा "ल", म्हणजे छोटा शब्द मध्ये पूर्ण गिळला जातो, त्यामुळे दोन शब्दांत सापडलं नाही तर छोट्या शब्दाच्या दोन्ही बाजू एकत्र धरून बघा. पण चांगलं कोडं घालणारा खूण ठेवतच नाही. काकांनी गेल्या रविवारी टाकलेलं वाक्य एवढंच होतं, "तुम्ही उद्या जाल ना?" आम्ही सगळ्यांनी खरंच उत्तरं दिली, कुणी हो, कुणी बघतो, आणि जालना संध्याकाळी माझ्या भाचीला दिसलं.